चकाकी घालवली की कोरलेलं नावही जातं: ताटांच्या फोटोतली नेहमीची अडचण

श्रावण लागला की आमच्या मालवणच्या दुकानात नाव घालायची भांडी रांगेत उभी राहतात. मुंबई-पुण्याची गिऱ्हाईकं गणपतीला गावी येण्याआधी फोनवरूनच ऑर्डर देतात, आणि पैसे पाठवायच्या आधी फोटो मागतात. त्यात आपलं नाव नीट आलंय का, एवढंच त्यांना बघायचं असतं. नेमकं तेच फोटोत दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या एका ताईंनी बारशासाठी १२ इंची स्टीलचं ताट घेतलं होतं. मधोमध ‘आजोळची भेट’ असं कोरायचं होतं. मी फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन आला, “ताट छान आहे हो, पण नाव घालायचं राहिलंय वाटतं.”

नाव घातलेलं होतं. बोट फिरवलं तर नखाला लागत होतं. आमच्याकडे नाव घालणारे काका आहेत, त्यांना ताट परत दाखवलं. त्यांनी ते उजेडात जरा तिरकं धरलं, नाव लख्ख दिसलं, आणि म्हणाले, “वैनी, मिया नाव बरा खोल घातलंय. तुमच्या फोटोतच कायतरी घोळ आसा.”

तो घोळ शोधायला मला पूर्ण एक पावसाळा लागला. भांडी विकणाऱ्या, चांदीचं काम करणाऱ्या बऱ्याच जणांना हीच अडचण येते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी मी काय चुकत होते ते सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. पहिला फोटो काढला तो दुकानात, ट्यूबलाइटखाली. ताटात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आणि माझा हात-फोन स्पष्ट उमटला. नाव अर्धं त्या पट्ट्याखाली गेलं. मग कोणीतरी सांगितलं की चकाकी घालवायची तर उजेड मऊ करायचा, चारी बाजूंनी पांढरं कापड लावायचं. मी खोक्याच्या तिन्ही बाजूंना आणि वर पांढरं मांजरपाट लावलं, बाहेरून बल्ब सोडले आणि ताट आत ठेवलं. चकाकी गेली. ताट दुधासारखं एकसारखं पांढुरकं दिसू लागलं, आणि त्याबरोबर नावही विरघळलं. डोंबिवलीला गेला तो हाच फोटो. म्हणजे एक दुखणं बरं करताना मी दुसरं ओढवून घेतलं होतं.

याचं कारण एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. पॉलिश केलेलं स्टील हा आरसा आहे. मातीच्या मडक्याचा स्वतःचा रंग दिसतो, कारण ते पडलेला उजेड चहूकडे पसरवतं. चकचकीत स्टील तसं करत नाही. त्याच्यावर ज्या कोनातून उजेड येतो त्याच कोनातून तो पलीकडे परततो. त्यामुळे फोटोत ताट म्हणून जे दिसतं ते खरं तर ताटाच्या समोर असलेल्या वस्तूचं प्रतिबिंब असतं. समोर ट्यूब असेल तर ट्यूब दिसते, पांढरं कापड असेल तर ताट पांढरं दिसतं, काळोख असेल तर तेच ताट काळं दिसतं.

आता कोरलेल्या अक्षराकडे बघा. कोरताना धातूत बारीक चर पडते. चरीच्या दोन्ही भिंती तिरक्या असतात, म्हणून त्यांना ताटाच्या सपाट भागापेक्षा वेगळीच दिशा ‘दिसते’. भिंत जितकी कललेली, त्याच्या दुप्पट कोनाने तिची नजर वळते. सपाट भागाला पांढरं कापड दिसत असताना चरीच्या भिंतीला खोलीचा काळोखा कोपरा दिसला, तर अक्षर पांढऱ्यावर काळी रेघ म्हणून उठून येतं. पण मी चारी बाजूंनी पांढरंच लावून ठेवलं होतं. भिंत कुठेही वळली तरी तिच्यासमोर पांढरंच होतं. सपाट भाग पांढरा, चर पांढरी, मग अक्षर दिसणार कशाने?

म्हणून पहिली गोष्ट: तुमच्या फोटोत चकाकी नाही पण नावही नाही, असं असेल तर उजेड कमी पडलेला नसतो, पांढरं जास्त झालेलं असतं. अशा वेळी आणखी बल्ब लावून काहीच साधत नाही. मी लावून बघितलेत.

किती पांढरं लागतं, ते आरशाने मोजायचं

ताटाच्या सपाट भागाला जेवढं दिसतं तेवढ्यापुरतंच पांढरं ठेवायचं, आणि त्याच्या बाहेर सगळीकडे काळोख करायचा. हा भाग कुठे येतो ते अंदाजाने सापडत नाही. त्यासाठी घरातला साधा हातआरसा घ्या. ताट जिथे ठेवायचं तिथे ठेवा, फोन स्टँडवर किंवा डब्यांच्या चळतीवर पक्का करा, आणि आरसा ताटाच्या मधोमध आडवा ठेवा. फोनच्या स्क्रीनमध्ये बघा. आरशात जे दिसतंय तेच ताटात दिसणार आहे. पांढरा कागद तिथे हवा. आरसा ताटाच्या चारी काठांकडे सरकवून बघितलात की कागद कुठून कुठपर्यंत लागतो ते कळतं.

मोजमापाचं एक साधं गणितही आहे. माझं ताट १२ इंचांचं. फोन ताटापासून ३० इंचांवर, कागद पलीकडे २० इंचांवर. मग कागदाची रुंदी लागते १२ गुणिले (३० अधिक २०) भागिले ३०, म्हणजे २० इंच. मी मांजरपाटाची अख्खी चादर टांगत होते, तिथे २० इंचांत भागणार होतं. मी चारी बाजूंना २ इंच सोडून २४ इंचांचा कागद घेते. सगळं ताट पांढरं करायलाच पाहिजे असंही नाही. नावाचा भाग आणि त्याच्या आजूबाजूचं ४-५ इंच पांढरं झालं तरी चालतं. ताटाचा उभा काठ वळलेला असल्यामुळे त्याला दुसरंच काही दिसतं आणि तो काळा येतो. तो तसाच येऊ द्या. त्या काळ्या रेघेमुळेच ताट गोल आणि खोलगट वाटतं, नाहीतर नुसती पांढरी चकती दिसते.

कागदासाठी मी दिवाळीच्या आकाशकंदिलाला लावतो तशा कामट्यांची चौकट बांधली आणि तिच्यावर स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला. पावसाळ्यात दमट हवेने तो ढिला पडतो, त्याला लाटा येतात, आणि त्या लाटा ताटातही उमटतात. म्हणून कागद आदल्या रात्री चिकटवून ठेवू नका. ताणलेलं पांढरं सुती कापडही चालतं, फक्त जवळच्या फोटोत त्याची वीण ताटात दिसते.

दिवसा मी पडवीत फोटो काढते. आभाळ भरलेलं असतं तेव्हा उजेड सगळीकडून सारखा येतो, पण तीच अडचण असते, कारण भरलेलं आभाळ म्हणजे मोठं मांजरपाटच. म्हणून चौकट पडवीच्या उघड्या बाजूला टांगते, ताट तिच्या आत ठेवते, आणि चौकटीच्या डाव्या-उजव्या आणि वरच्या बाजूला काळं करते. काळ्यासाठी पावसाळ्यात काही विकत आणावं लागत नाही. घरातल्या दोन काळ्या छत्र्या उघडून ठेवल्या की काम होतं. रात्री बल्बवर काढायचा असेल तर ९ वॅटचा एलईडी बल्ब कागदाच्या पाठीमागे निदान एक फूट लांब ठेवा. बल्ब कागदाला टेकवला तर मधे पांढरा गोळा उमटतो आणि आपण सुरुवातीच्या ट्यूबलाइटवर परत येतो.

पडवीतल्या फोटोत आणखी एक गोष्ट मला आधी कळेना. ताट हिरवट यायचं आणि त्याच्या एका बाजूला लालसर झाक असायची. मी फोनमध्ये रंग बदलून बदलून थकले. हिरवट घालवलं की ताट जांभळट व्हायचं. शेवटी आरसा ठेवून बघितलं तर आरशात वाडीतले माड दिसत होते आणि खाली जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत. ताट बिचारं समोर जे होतं तेच दाखवत होतं. हा रंग फोनमधल्या सेटिंगने जात नाही, कारण तो एकसारखा नसतो, एका भागात माड आणि दुसऱ्या भागात चिरा. ट्रेसिंग पेपर मधे आला की माड आणि चिरा दोन्ही जातात. तुमची साडी किंवा शर्टही असाच उमटतो. मी फोटो काढताना काळं किंवा राखाडीच घालते.

शिरोरेषा दिसते, काना दिसत नाही

हे मला कुठे सांगितलेलं सापडलं नाही, आणि देवनागरीत नाव कोरणाऱ्या प्रत्येकाला ते लागतं.

चादर काढून मी कागद लावला, आणि पुढच्या फोटोत नाव दिसलं. पण विचित्र दिसलं. ‘आजोळची भेट’ची शिरोरेषा ठळक काळी होती, तिच्या खाली मात्र अक्षरांचे तुकडे लोंबत होते. ‘आ’चा काना नाही, ‘ची’ची उभी रेघ नाही. नाव घालताना काकांचा हात उभ्या रेघांवर हलका पडला असावा, असं मला वाटलं. ताट ९० अंशांत फिरवलं आणि पुन्हा फोटो काढला, तेव्हा उलटं झालं. काने ठळक आले आणि शिरोरेषा पुसट झाली. म्हणजे हात हलका पडला नव्हता.

कारण असं. आडव्या रेघेच्या भिंती वर आणि खाली कललेल्या असतात, तर उभ्या रेघेच्या भिंती डावीकडे आणि उजवीकडे. माझा कागद त्या दिवशी आडवा लांबट होता. पडवीच्या खांबापासून खांबापर्यंत मी दोन कागद जोडून लावले होते. कागदाच्या वर-खाली काळोख होता, म्हणून शिरोरेषेच्या भिंतींना काळं दिसलं. डावी-उजवीकडे मात्र लांबवर पांढरंच होतं, म्हणून कान्याच्या भिंतींनाही पांढरंच दिसलं, आणि काना नाहीसा झाला.

उपाय सोपा निघाला. कागदाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला काळ्या कार्डशीटच्या उभ्या पट्ट्या लावल्या आणि त्या हळूहळू आत सरकवत नेल्या. नवऱ्याला पट्ट्या धरायला सांगितलं आणि मी स्क्रीनवर बघत राहिले. पट्टी ताटाच्या प्रतिबिंबाच्या कडेजवळ आली तसा ‘आ’चा काना आधी राखाडी, मग काळा होत वर आला. तिथेच थांबायचं. त्याहून आत घेतली तर पट्टीच ताटात दिसते. असं करताना ताटाकडे बघू नका, स्क्रीनकडेच बघा. आपले डोळे फोनच्या जागी नसतात, त्यामुळे आपल्याला दिसतं ते फोनला दिसत नाही.

तुमच्या फोटोत नाव अर्धवट येत असेल तर पहिल्यांदा बघा, कुठल्या रेघा गेल्यात. उभ्या गेल्या असतील तर डावी-उजवीकडे पांढरं जास्त आहे, आडव्या गेल्या असतील तर वर-खाली. नाव मशीनने ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं असेल तर हा फरक कमी जाणवतो, कारण ठिपक्याचा खड्डा गोल असतो आणि त्याची एखादी भिंत काळ्याकडे वळलेली असतेच. हाताने छिन्नीने कोरलेल्या सरळ रेघांना मात्र हे फार लागतं.

नाव उथळ असेल तर

सगळं केलं तरी काही नावं फिकी येतात. पातळ पत्र्याच्या वाटीवर काका खोल कोरत नाहीत, पत्रा दबतो. मग चरीच्या भिंती फारच कमी कललेल्या असतात. माझ्या मापाच्या मांडणीत भिंत साधारण १५-१६ अंशांहून जास्त कललेली असेल तरच तिला कागदाच्या बाहेरचं काळं दिसतं. त्याहून कमी असेल तर तिची नजर कागदावरच राहते.

अशा वेळी कागद एकसारखा पांढरा ठेवायचा नाही. बल्ब कागदाच्या एका कडेला सरकवायचा, म्हणजे कागद एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू अंधारा होतो. मग ताट किंवा वाटी अशी जरा तिरपी करायची की नावाचा भाग त्या उतरणीवर येईल, पांढरं संपून राखाडी सुरू होतं तिथे. तिथे भिंत जरा कलली तरी तिला बरंच उजळ किंवा बरंच अंधारं काहीतरी दिसतं, आणि उथळ अक्षरही उमटतं. भांडं त्यामुळे एका बाजूने गडद दिसतं. ते बरंही दिसतं, गोलाई कळते. नाव घालणारे काका ताट हातात धरून जरा-जरा हलवत बघतात, ते नकळत हेच करत असतात.

याच्या अगदी उलट मांडणीही आहे. ताटासमोर पूर्ण काळं ठेवायचं आणि बाजूने, ताटाला जवळजवळ समांतर असा एकच बल्ब सोडायचा. ताट काळं येतं आणि अक्षरं चांदीच्या तारेसारखी चमकतात. नाव बरोबर लिहिलंय का, ऱ्हस्व-दीर्घ ठीक आहे का, हे दाखवायला मी हा दुसरा फोटो पाठवते. पण विक्रीचा मुख्य फोटो म्हणून तो वापरत नाही. एकदा पाठवला तर “काळ्या रंगात येतं का हो हे?” असं विचारलं गेलं. त्यात बारीक ओरखडेही सगळे चमकतात, आणि नवीन भांडं जुनं वाटतं.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. घाईत एकदा मी अक्षरांत काजळ भरलं आणि वरचं पुसून घेतलं. फोटोत नाव छापल्यासारखं आलं. भांडं पोचल्यावर गिऱ्हाईकाने पहिल्यांदा घासलं, आणि फोन आला, “काळी अक्षरं कुठे गेली?” त्यांचं बरोबर होतं, मी दाखवलेलं आणि मी दिलेलं वेगळं होतं. भांड्यावर टाल्कम पावडर फवारून चमक मारायची युक्तीही मला याच कारणाने पटत नाही. गिऱ्हाईक पॉलिशचे पैसे देतं, मग फोटोत पॉलिश दिसलं पाहिजे.

कोणीतरी पोलरायझर फिल्टर घ्या असंही सांगेल. पाण्यावरची, काचेवरची चकाकी तो कमी करतो, पण उघड्या धातूवरची करत नाही. धातूवरून परतलेला उजेड पाण्यावरच्यासारखा एका दिशेत बांधला जात नाही, त्यामुळे फिल्टर फिरवला तरी ताटातली ट्यूब तशीच राहते. बल्बवरही तसलीच फिल्म लावून दोन्ही आडवे-उभे केले तर चकाकी जाते, पण मग ताटाचा सगळाच उजेड जातो, कारण चकचकीत ताटाचा उजेड म्हणजे प्रतिबिंबच. लाखेचा किंवा लॅकरचा थर दिलेल्या पितळेवर काही कोनांतून फिल्टरचा थोडा उपयोग होतो, कारण तिथे वरची चकाकी त्या थराची असते. नुसत्या स्टीलसाठी ते पैसे खर्चू नका.

नाव दिसतं, पण धारदार दिसत नाही

इथे बहुतेक वेळा फोनचा फोकस चुकलेला असतो, आणि चुकायचं कारण पुन्हा आरसाच. आरशात बघताना आपलं तोंड काचेवर नसतं, काचेच्या मागे तेवढ्याच अंतरावर असतं. ताटातही कागदाचं प्रतिबिंब ताटाच्या २० इंच मागे असल्यासारखं असतं. फोनला ताटात कागदाची कड किंवा खांबाची रेघ दिसली की तो तिच्यावर फोकस करतो, म्हणजे ताटाच्या बराच मागे. प्रतिबिंब झकास येतं, अक्षरं मऊ होतात. फोटो मोठा करून बघा: ताटातल्या कागदाची कड अक्षरांपेक्षा धारदार असेल तर हेच झालंय.

मी छापील अक्षरांचा एक चिटोरा, वर्तमानपत्राचा तुकडा चालतो, नावाच्या शेजारी ताटाला चिकटून ठेवते. त्याच्यावर बोट दाबून धरते, स्क्रीनवर फोकस लॉक झाल्याचं दिसलं की चिटोरा काढते, आणि मग फोटो घेते. तेवढ्याने अक्षरं नीट बसतात. चिटोरा काढताना ताट किंवा फोन हलला तर पहिल्यापासून.

दुसरं म्हणजे बारीक नाव दिसावं म्हणून आपण फोन अगदी जवळ नेतो. अनेक फोन जवळ नेले की आपोआप रुंद लेन्सवर जातात, आणि ती लेन्स बारीक काम मुख्य लेन्सइतकं टिपत नाही. तपासायचं कसं? मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवा. ज्या लेन्सवर बोट ठेवल्याने स्क्रीन काळी होते ती चालू आहे. मुख्य लेन्स झाकूनही चित्र दिसत राहिलं तर फोन दुसऱ्याच लेन्सने बघतोय. मॅक्रोची आपोआप चालू होणारी सोय बंद करा, फोन लांब न्या आणि २ पट झूम करा.

फोन हातात धरून हे होत नाही. ट्रेसिंग पेपरमागचा उजेड कमी पडतो, फोन जास्त वेळ उघडा राहतो, आणि श्वासाएवढ्या हालचालीने बारीक रेघ दुहेरी होते. स्टँड लावा आणि ३ सेकंदांचा टायमर ठेवा. शेवटी उजेडाची पट्टी खाली ओढा, ताटातला कागद पांढराफेक न राहता फिका राखाडी होईपर्यंत. पांढराफेक भाग अक्षरांच्या कडा खातो, आणि नंतर कितीही अंधारं केलं तरी त्या कडा परत येत नाहीत.

साफसफाईचं एवढंच सांगते, की भांडं पावडरीने घासल्यावर चरीत पांढरी पावडर सुकून बसते आणि मग काळं दिसायची भिंतच पांढरी होते. एका फोटोवर मी तासभर कागद हलवत बसले, आणि नाव फिकं होतं ते पावडरीने. मऊ टूथब्रश आणि कोमट पाण्याने चरी धुवा, लगेच जुन्या धोतराच्या कपड्याने टिपा. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत बोटाचा ठसा पडला की थोड्या वेळात तो पुसूनही जात नाही, म्हणून सुती हातमोजे घालून भांडं मांडा.

तांब्या आणि पाटल्या

वरची मांडणी सपाट ताटासाठी. तांब्याच्या फुगीर पोटाला जवळजवळ सगळी खोली दिसते, आणि मधोमध फोन दिसतोच. तो घालवता येत नाही, फक्त लहान करता येतो. मी फोन ५ फुटांवर नेते, झूम करते, आणि फोनला काळ्या कार्डशीटच्या भोकातून बघायला लावते. मग तांब्याच्या पोटावर बारीक काळी उभी रेघ येते, ती धातूच्या गोलाईचीच वाटते. दोन्ही बाजूंना दोन अरुंद कागद उभे करायचे आणि तांब्या फिरवून नाव डाव्या किंवा उजव्या पांढऱ्या पट्ट्यात आणायचं. पोटाभोवती लांब नाव असेल तर ते एका पट्ट्यात मावत नाही, तिथे दोन फोटो लागतात. ते जोडून एक करायचा प्रयत्न मी सोडून दिला.

सोन्याच्या पाटल्यांवरच्या वेलबुट्टीचे फोटो आमच्या शेजारचे सराफ माझ्याकडून काढून घेतात. तत्त्व तेच, फक्त कागद लहान, वीतभर. सोन्याला पांढरं फार दाखवलं तर ते फिकं, मुलामा दिल्यासारखं दिसतं. म्हणून कागदाच्या शेजारी काळी पट्टी अगदी जवळ, पाटलीपासून ४-५ बोटांवर उभी करते. काळ्याच्या बाजूला सोनं गडद होतं आणि पाटलीची नक्षी दोन्हींच्या सीमेवर उठून येते.

डोंबिवलीच्या ताईंना ताटाचा नवा फोटो गेला तेव्हाही त्या म्हणाल्या, “नाव दिसतं, पण पुसट आहे.” माझ्याकडे तो फोटो धारदार होता. मेसेजमधून पाठवताना फोटो आकसतो, आणि अख्ख्या ताटाच्या फोटोत नावाला फार थोडी जागा मिळते, त्यामुळे पहिल्यांदा बारीक रेघाच जातात. मी तोच फोटो फक्त नावापुरता कापला आणि फाइल म्हणून पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: “आता ‘ळ’ची गाठसुद्धा दिसली. दोन वाट्याही पाठवा, नाव तेच.”